अण्णांचं उचंत खातं

हिशेब लिहिणारे अण्णा तुमच्याही गावात असणारच. खिशात एक निळं पेन स्वतःसाठी आणि एक लाल पेन दुसऱ्यांच्या चुकांसाठी. आमच्या हार्डवेअरच्या दुकानाची वही ते वर्षानुवर्षं सांभाळतात आणि जगातली प्रत्येक अडचण उचंत खात्यात टाकतात. बँकेत पैसे आले पण कुणाचे ते कळेना, तर ते पत्ता लागेपर्यंत ठेवायचे, एवढंच त्या खात्याचं काम. अण्णांनी त्यात संसार मांडला होता.

मुलीकडचे ‘कळवतो’ म्हणून गेले, की अण्णा म्हणणार, “उचंतात टाका.” देवळाबाहेर त्यांची चप्पल गेली आणि तिथे दुसरीच जुनी जोडी उरली. अण्णांनी ती पायात घातली. “गेली ती नावे, आली ती जमा, फरक उचंतात.” एका माणसाला तर ते तेराव्याला भेटले आणि मयताच्या उधारीचं काय करायचं, असं हळूच विचारून आले. उत्तर मिळालं नाही. कुठे टाकलं असेल, ते सांगायला नको.

गेल्या सप्टेंबरात मात्र मामला गंभीर झाला. आमची उलाढाल कोटीच्या वर आणि बरीचशी रोखीतली, त्यामुळे ३० सप्टेंबरपर्यंत सीएंकडून ऑडिट रिपोर्ट अपलोड व्हायला हवा होता. तो चुकला तर उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यात जे कमी ते दंड म्हणून बसू शकलं असतं. अशात एका सकाळी टॅली उघडली, तर कंपन्यांच्या यादीत आमचं दुकानच नाही!

मी कॉम्प्युटरभर दुकानाचं नाव शोधत सुटलो. अण्णा ओरडले, “नावानं काय शोधता? फोल्डरला नाव नसतं, नंबर असतो. आपला १०००३.” त्यांनी आधी टॅली कुठल्या जागेतला डेटा वाचतेय ते पाहिलं, कारण जागा बदलली तरी कंपनी अशीच दिसेनाशी होते. जागा बरोबर होती. फोल्डर नव्हतं. आदल्या दिवशी दुकानातल्या पोराने ‘मशीन हळू चालतं’ म्हणून साफसफाई केली होती. नुसते आकडे लिहिलेली ती फोल्डरं त्याला कचरा वाटली. रिसायकल बिनही त्याने मोठ्या निष्ठेने रिकामी केली होती.

“कुणी काही सेव्ह करायचं नाही,” अण्णांनी फर्मान काढलं. पुसलेल्या फाइलची जागा नव्या फाइलने घेतली, की ती परत मिळणं कठीण. तोवर पोराने त्याच जागी दोन सिनेमे उतरवले होते.

बॅकअप? तो दर शनिवारी होत असे, आणि नेमाने त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवला जात असे. तोही गेला. अण्णांनी चष्मा पुसला आणि धोतराच्या ओच्यातून, होय, ओच्यातूनच, एक पेनड्राइव्ह काढला. त्यात ऑगस्टअखेरचा बॅकअप होता. रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोर केला आणि दुकान पुन्हा यादीत उगवलं. मी तेरीज उघडली. दोन्ही बाजू जुळत होत्या. मी पेढे आणायला निघालो.

“तेरीज कायम जुळते,” अण्णा म्हणाले. “निम्म्या नोंदी नसल्या तरी जुळते. उचंत बघा.” बघितलं, तर १८,४०० रुपये तिथे ठाण मांडून बसलेले. एका शेतकऱ्याने जुन्या सिमेंटची उधारी परस्पर खात्यात भरली होती. अण्णांनी त्याचा पत्ता लावून सप्टेंबरात ते खातं मिटवलं होतं. बॅकअप ऑगस्टचा, त्यामुळे मिटवलेलं भूत परत आलं. तशाच घसाऱ्याच्या आणि वर्षअखेरच्या इतर दुरुस्तीच्या नोंदीही गेल्या होत्या.

त्या कुठे सापडाव्यात? अण्णांच्या लाल बांधणीच्या वहीत. मशीनमध्ये केलेली प्रत्येक नोंद ते रोज संध्याकाळी हाताने उतरवत होते आणि त्यावरून मी त्यांची वर्षानुवर्षं टर उडवली होती. दोन रात्री ते वहीवरून वाचत, मी टाइप करत. त्यांच्या बोलण्यात एकदाही ‘माझं ऐकलं असतं तर’ आलं नाही. हे मान्य करताना जिवावर येतंय, पण आलं नाही. रिपोर्ट २९ तारखेला गेला.

पोराला काढून टाकतो म्हणालो, तर अण्णांनी अडवलं. “फोल्डरवर चिठ्ठी आपण लावली नव्हती. त्याच्या नावे नका टाकू.” पोरगा अजून आमच्याकडेच आहे.

निघताना सहज विचारलं, दिवाळीला मुलगा पुण्याहून येतोय ना? “बघतो म्हणालाय.” अण्णांनी लाल पेनाचं टोपण लावलं. “उचंतात टाका.”

आमचं खातं ३० तारखेच्या आत मिटलं. अण्णांचं तीन दिवाळ्यांपासून तसंच पुढे ओढलं जातंय.