सविनय उशिरा येणे

आमच्या सोसायटीतले एक चिरंजीव एमएस करायला अमेरिकेला निघाले आहेत. आय-२० वर अभ्यासक्रम सुरू व्हायची तारीख २४ ऑगस्ट, आणि व्हिसाची मुलाखत पुढे ढकलली जाऊन आली २७ ऑगस्टला. म्हणजे अक्षता पडून गेल्यावर नवरदेव दाढी करायला बसणार. तेव्हा विद्यापीठाला ईमेल धाडायचं ठरलं आणि मसुदा समिती बसली.

निवृत्त मुख्याध्यापकांनी ‘सविनय विनंती’ने सुरुवात करून दिली. वडिलांनी शैक्षणिक कर्ज आणि त्यावरचं व्याज घातलं. आत्याने दहावीपासूनचे टक्के टाकले. शेवटी सर्वानुमते ‘काइंडली अॅडजस्ट’. दीड पानात येण्याची तारीख तेवढी राहून गेली.

उत्तर दोन ओळींचं आलं: कॅम्पसवर कोणत्या तारखेला पोहोचणार? आणि तुमच्या विभागाची हरकत नाही ना?

समितीला हे फारच कोरडं वाटलं. पण उत्तर देणाऱ्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्याचीही एक अडचण असते. नव्या विद्यार्थ्याने येऊन विषय घेतले, ही नोंद त्याला अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत सरकारच्या ‘सेविस’ यंत्रणेत करावी लागते. शिवाय पहिले तास बुडालेला मुलगा चालेल का, हे विभाग सांगणार. आत्याच्या टक्क्यांसाठी त्या यंत्रणेत रकाना नाही.

मग चिरंजीवांनी समितीला चहाला बसवलं आणि आत जाऊन स्वतःच लिहिलं. विषयाच्या ओळीत नाव, विद्यार्थी क्रमांक आणि ‘उशिरा येण्याची परवानगी’. खाली एवढंच: “माझा सेविस क्रमांक अमुक. मुलाखत २७ ऑगस्टला आहे, तिची पावती जोडली आहे. लवकरच्या तारखेसाठी अर्ज केला आहे. पासपोर्ट परत मिळायचे दिवस धरून मी ४ सप्टेंबरला पोहोचेन. विभागाचा होकार सोबत जोडला आहे. ही तारीख चालत नसेल, तर प्रवेश जानेवारीच्या सत्रात नेता येईल का?”

दुसऱ्या दिवशी परवानगी आली. अट एकच: ४ सप्टेंबर ही शेवटची तारीख. त्या दिवसापर्यंत पोहोचला नाहीत तर जानेवारी, आणि त्यासाठी नव्या तारखेचा आय-२०. शिवाय ताकीद: हे पत्र छापून हातातल्या बॅगेत ठेवा. आय-२० वरची तारीख उलटून गेल्यावर आलात, तर विमानतळावरचा अधिकारी विचारणारच, आणि आत सोडायचं की नाही हे तो ठरवणार.

‘सविनय’चा गुण आला, असं मुख्याध्यापकांचं ठाम मत आहे. समितीने आता त्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यासाठी मसुदा करायला सुरुवात केली आहे. आत्याने बारावीची गुणपत्रिका साक्षांकित करून आणली आहे.