आपटणं आणि पिळणं

धुणं आपटणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे एक जुना संशय आहे. तो कुणावर तरी चिडलेला असणार. मागच्या दारी दगडावर फटके जरा जोरात वाजू लागले की ओटीवरचे पुरुष वर्तमानपत्र अंमळ वर धरतात, आणि आजचा दिवस कसा जाणार याचा अंदाज बांधतात. "चादर मळली होती" हे उत्तर खरं असलं तरी त्यावर सहसा कुणाचा विश्वास बसत नाही.

हा संशय शरीरशास्त्राच्या पुढे टिकत नाही. चिडलेला माणूस धुणं आपटू शकतो, पण फार वेळ नाही. राग आला की खांदे कानांकडे चढतात आणि मुठी आवळल्या जातात. नेमक्या याच दोन गोष्टी धुण्याच्या दगडापाशी माणसाला पाच मिनिटांत बसायला लावतात. गावाकडची माझी एक आत्या नव्या सुनांना सांगायची, "रागानं आपटशील तर आधी हात निघंल गं, मळ मागनं."

मुंबईत महालक्ष्मी स्टेशनबाहेरच्या पुलावर परदेशी पाहुणे कॅमेरे रोखून उभे असतात. खाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिलेला धोबीघाट आहे. सिमेंटच्या हौदांच्या रांगा आणि प्रत्येक हौदाशी कपडा आपटायचा दगड. आता तिथे यंत्रंही आली आहेत, पण दगड गेलेले नाहीत. पुलावरून पाहणाऱ्याला वाटतं, काय हे दंडाचं काम! प्रत्यक्षात जाणत्या धोब्याच्या फटक्यात दंडाचा वाटा सगळ्यात शेवटी येतो, आणि तोही बेताचाच.

एक दुहेरी सुती चादर घेऊ. कोरडी असताना ती पाऊण किलोच्या आसपास असेल. पाण्यातून काढून जरा निथळू दिली तरी दोन किलोंच्या घरात जाते, कारण सूत आपल्या वजनाहून जास्त पाणी सहज धरून ठेवतं. ती लांबट गोळा करून एक टोक दोन्ही हातांत धरायचं. पाय खांद्याइतके फाकलेले, एक किंचित पुढे. आता चादर वर न्यायची, तर ती हातांनी उचलायची नसते. गुडघे जरा वाकवून सरळ करायचे, कमरेपासून पाठ ताठ होत मागे जायची आणि त्या झोतात चादर आपण होऊन खांद्यावरून पाठीकडे जाते. मणक्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या दोरखंडांसारखे स्नायू आहेत. मांड्या आणि कुल्ल्यांच्या जोडीनं वर नेण्याचं काम मुख्यतः ते करतात. दंड फक्त दिशा दाखवतो.

खाली येताना पाळी पोटाची. पोटाचे आडवेतिडवे स्नायू धडाला पुढे आणि जरा बाजूला वळवतात, कारण उजव्या खांद्यावरून निघालेला फटका डावीकडे झुकत उतरतो. धडाच्या मागोमाग काखेखालून कमरेपर्यंत पसरलेला पाठीचा रुंद स्नायू आणि छातीचा स्नायू दंडाला खाली ओढतात. उरलेलं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करतं. आधी कंबर, मग खांदा, मग कोपर आणि सगळ्यात शेवटी मनगट, हा क्रम सुटला की तीच चादर दुप्पट जड होते. शिकाऊ माणूस ओळखायची खूण सोपी आहे. त्याची कंबर जागच्या जागी असते आणि दोन्ही हात सरळ ताठ आभाळाकडे गेलेले असतात.

सरळ ताठ हातांची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण खांद्याचं दुखणं तिथून सुरू होतं. हात वर जातो तेव्हा सगळी हालचाल खांद्याच्या सांध्यात होत नाही. साधारण दोन भाग सांधा फिरतो आणि एक भाग मागचं फऱ्याचं हाड बरगड्यांवरून सरकतं. हात पूर्ण वर, म्हणजे 180 अंशांपर्यंत नेला तर त्यातले सुमारे 60 अंश फऱ्याचे असतात. फरा वेळेवर सरकला तर दंडाचं हाड आणि वरचं छपरासारखं हाड यांच्यामध्ये जागा राहते. तिथून सुप्रास्पायनॅटस नावाच्या छोट्या स्नायूचा कंडरा जातो. खांदे आधीच कानांशी चढवले आणि हात ताठ ठेवून बाजूनं वर फेकले, की तो कंडरा त्या फटीत घासला जाऊ शकतो.

असं घासणं सुरू झालं आहे का, याचा अंदाज घरच्या घरी येतो. हात बाजूनं हळूहळू वर न्यावा. सुरुवातीला काही नाही, साधारण 60 ते 120 अंशांच्या मधे कळ, आणि त्याच्या वर गेल्यावर पुन्हा आराम, असं झालं तर संशय त्या कंडऱ्यावर घ्यावा आणि डॉक्टरांना दाखवावं. तोवर चादरी दुसऱ्या कुणाच्या नावावर कराव्यात. जाणता धोबी ही भानगड दोन गोष्टींनी टाळतो. कोपरं वाकवलेली ठेवतो, म्हणजे वजन शरीराजवळ राहतं. आणि दोन्ही हात एकत्र पुढून कानाच्या बाजूपर्यंतच नेतो, त्याच्या वर नाही. पुलावरून जो फटका आभाळातून आल्यासारखा दिसतो, त्यात आभाळात चादर गेलेली असते, हात नव्हे.

आता या कामाचा खरा हिशेब मांडू. एकदिवसीय सामन्यात वेगवान गोलंदाजाला जास्तीत जास्त 10 षटकं मिळतात, म्हणजे 60 चेंडू. त्यातही दर षटकानंतर तो सीमारेषेवर जाऊन पाणी पितो, आणि खांद्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असतो. वीस कपडे आणि प्रत्येकाला पंधरा फटके धरले, तर धुणं धुणाऱ्याचे 300 होतात. त्याला सीमारेषा नाही. मग त्याचा खांदा पहिल्याच हंगामात कसा निकामी होत नाही?

एक मोठं कारण दगड आहे. गोलंदाज चेंडू सोडतो तेव्हा हात मात्र पुढे भरधाव जातच असतो. त्याला थांबवायचं काम खांद्याच्या मागच्या छोट्या स्नायूंना, ताणले जात असताना, करावं लागतं आणि ते तिथे फाटत जातात. धुण्यात चादरीचा वेग दगड गिळतो. वर अंदाज केला त्या दोन किलोंच्या चादरीचा मध्य खांद्यापासून मीटरभर लांब आणि वेग सेकंदाला 5 मीटर धरला, तर फिरताना ती हातांना सुमारे पाच किलो वजनाइतकी बाहेर ओढते. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट. ही ओढ दगडावर टेकता क्षणी संपते. कापड मऊ असल्यामुळे हातोड्यासारखा हिसकाही मनगटात उलटा येत नाही. दगड हुकला आणि चादर हवेतच फिरली की मात्र ती सगळी ओढ पाठीला आणि खांद्याला झेलावी लागते. एक हुकलेला फटका दहा लागलेल्या फटक्यांपेक्षा जास्त दुखतो, तो यामुळे.

फटका नीट लागला की नाही, हे आवाजावरून कळतं. कापडाचा शेवटचा भाग आधी आणि पसरून पडला तर "फट्ट" असा सपाट आवाज येतो, धाग्यांमधून पाणी दाबानं बाहेर उडतं आणि मळ घेऊन जातं. बोळा होऊन पडला तर "थप्प" असा बसका आवाज येतो. तेव्हा मळ तसाच राहतो आणि बटण फुटतं. ओटीवरच्या मंडळींना जो राग वाटतो, तो खरं तर चांगल्या धुण्याचा आवाज असतो. बसक्या आवाजाला घाबरावं.

दगडाची उंची मात्र कुणी बदलत नाही. घाटावर उभ्यानं आपटायचा दगड मांडीच्या आसपास असतो. घरामागचा दगड बहुतेक घोट्याशी असतो. तिथे प्रत्येक फटका कमरेतून पूर्ण खाली वाकल्यावरच संपतो. असं पूर्ण वाकलं की पाठीचे ते दोरखंड जवळजवळ शांत होतात आणि भार मणक्यांच्या मधल्या गाद्यांवर आणि अस्थिबंधांवर जातो. त्याच वेळी धड वळलेलंही असतं. "धुण्यानं कंबर गेली" या वाक्यातला आरोपी पुष्कळदा धुणं नसून बुटका दगड असतो. दोन विटांवर चढवला तरी त्याची शिक्षा कमी होते.

इतकं करूनही धुणाऱ्या बायका हात दाखवायला जातात तेव्हा खांद्यापेक्षा अंगठ्याकडचं मनगट पुढे करतात, आणि गुन्हा आपटण्याच्या नावावर लिहिला जातो. ते चुकीचं आहे. आपटण्यात पायापासून बोटांपर्यंत सगळ्यांनी काम वाटून घेतलेलं असतं. शिवाय मूठ फक्त खाली येतानाच घट्ट करायची, वर जाताना सैल, एवढं जमलं की बोटांना मधेमधे सुट्टी मिळते. पिळण्यात असं काही नाही. धड गप्प उभं, पाय गप्प उभे, आणि सगळा जोर दोन मनगटांत. मूठ सुटत नाही, अंगठा आवळलेला आणि मनगट करंगळीकडे वळलेलं. अंगठ्याचे दोन कंडरे मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात, ते तिथे सुजतात. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हाँ यांनी 1895 साली या आजाराचं वर्णन केलं आणि तो त्यांच्या नावानं ओळखला जाऊ लागला. त्याच्याही आधी इंग्रज डॉक्टर त्याला धोबिणीची मुरगळ म्हणत होते. तपासायचं तर अंगठा मुठीत धरून मूठ हलकेच करंगळीकडे झुकवायची. अंगठ्याच्या बुडाशी लखकन कळ आली तर गुन्हेगार बहुधा सापडला.

पिळण्यावर उपाय जुनेच आहेत. चादरीची दोन टोकं दोघांनी धरावीत आणि मनगटाऐवजी अंगाचा झोक द्यावा. एकटं असाल तर चादर खांबाला अडकवून पिळावी. तेही नको असेल तर निथळत टाकावी, ऊन आहेच. कोरडी चादर अर्धा तास आधी मिळावी म्हणून मनगट सहा आठवडे बांधून ठेवण्यात शहाणपण नाही.

धुलाई यंत्र करणाऱ्यांनीही हाच निवाडा दिलेला दिसतो. समोरून दार असलेल्या यंत्रात पिंपाच्या आतल्या उंचवट्यांवर कपडे वर चढतात आणि वरून खाली आपटतात. तासभर तेच चालतं. पिळणं मात्र त्यांनी पूर्ण काढून टाकलं. कपडे जोरात गरागरा फिरवायचे आणि पाणी भोकांतून बाहेर फेकायचं, झालं. म्हणजे हजारो वर्षांच्या धुण्यातून अभियंत्यांनी जे ठेवलं ते आपटणं, आणि ज्याला हात लावायचं टाळलं ते पिळणं. यंत्राला राग येत नाही आणि अंगठाही नाही, तरी त्याला जे कळलं ते ओटीवरच्या मंडळींना अजून पटायचं आहे.