नाव नवे, विश्वास तोच!

कोपऱ्यावरचा गादी कारखाना आता ‘स्लीप स्टुडिओ’ झाला आहे. बोधचिन्हातला कापसाचा बोळा जाऊन तिथे एक निळा वळसा आला. तो म्हणे ग्राहकाशी असलेले नाते दर्शवतो. घरोघरी पत्रक आले: ‘नाव बदलले, आम्ही नाही. तीच माणसे, तीच आपुलकी.’

आपुलकीबद्दल शंका नव्हतीच. प्रश्न होता तो जुन्या नावाच्या पावतीवर दिलेल्या आगाऊ रकमेचा आणि गादीच्या पाच वर्षांच्या हमीचा. त्याबद्दल पत्रकात चकार शब्द नाही. वळशाच्या निळ्या रंगावर मात्र अख्खा परिच्छेद!

सुज्ञांनी पत्रक बाजूला ठेवावे आणि जुने व नवे बिल शेजारी धरून जीएसटी क्रमांक पाहावा. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरे मालकाच्या किंवा फर्मच्या पॅनची. ती तीच असतील, तर खरोखरच फक्त पाटी बदलली. देणेकरी तोच आहे. ती बदलली असतील, तर ‘तीच माणसे’ गल्ल्यावर बसलेली दिसली तरी कागदोपत्री दुकान दुसऱ्याचे आहे. मग जुनी पावती आणि हमी मान्य असल्याचे नव्या शिक्क्यानिशी लिहून घ्यावे.

ते लिहून मागितले की मालक दुखावतात. ‘अहो, विश्वास नाही का आमच्यावर?’

आहे ना. पत्रकात छापलाय तेवढा.