दोन शब्द, तेही उसने

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत व्यासपीठांची टंचाई कधी पडत नाही. पाण्याची पडते, पण ते पुढे येईलच. जयंत्या, पुण्यतिथ्या, स्नेहसंमेलने, वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा, कॉलेजांची चर्चासत्रे असे काही ना काही वर्षभर चालू असते आणि प्रत्येक ठिकाणी खरखरणाऱ्या माइकमागे उसनेराव उभे असतात. उसनेराव हे कुणा एका माणसाचे नाव नव्हे. ते तिसरीच्या वर्गात असतात, कॉलेजच्या वादविवाद संघात असतात आणि पुढे प्राध्यापक होऊन चर्चासत्रात निबंधही वाचतात. वयाप्रमाणे त्यांचे पुरवठादार तेवढे बदलतात. शाळेत गुरुजी किंवा मोठी ताई भाषण लिहून देते, कॉलेजात मोबाइल देतो, आणि नोकरी लागल्यावर आपलाच एखादा हुशार विद्यार्थी देतो. बोलणारा मात्र सगळीकडे सारख्याच आत्मविश्वासाने बोलतो, कारण ज्यात आपले काही नाही त्यात आपले काही चुकण्याचीही भीती नसते.

उसनेरावांना लोक चोर म्हणतात. हा आरोप मला वरवरचा वाटतो. दुसऱ्याचे शब्द बोलणे हा आपल्याकडे गुन्हा असता तर पहिल्यांदा कीर्तनकारांना अटक झाली असती. कीर्तनकार अभंग तुकोबांचा घेतो, पण ‘तुका म्हणे’ ही सही अभंगातच असते, आणि पुढचे निरूपण त्याला स्वतःच्या बळावर करावे लागते. विधिमंडळात राज्यपाल अभिभाषण वाचतात, ते मंत्रिमंडळाने तयार केलेले असते. यात फसवणूक नाही, कारण मजकूर कुणाचा हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. उसनेरावांची खरी अडचण वेगळी आहे. त्यांच्या भाषणाला पत्ता नसतो. ते शहापुरात करा, शिरूरला करा, शेगावला करा, एक शब्दही बदलावा लागत नाही. आणि भाषण उसने आहे हे ओळखायचे असेल तर काय म्हटले याकडे न बघता काय म्हणायचे राहून गेले याकडे बघावे.

‘पाणी हेच जीवन’ हा विषय घेऊ, कारण शहापुरात तो दरवर्षी कुठे ना कुठे असतोच. उसनेराव सुरुवात पृथ्वीपासून करतात. पृष्ठभागाचा ७१ टक्के भाग पाण्याखाली आहे, त्यातले गोडे पाणी जेमतेम तीन टक्के, तिसरे महायुद्ध पाण्यावरून होणार, आणि म्हणून मित्रहो, दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादली वापरा. टाळ्या. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या पाड्यात बंद ठेवायला नळच नसतो आणि शॉवर त्यांनी मालिकेत पाहिलेला असतो. याच तालुक्यात भातसा धरण आहे, याच पट्ट्यात १८९२ साली बांधून झालेला तानसा तलाव आहे. मुंबईच्या पाण्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भातसातून जाते. नदीत सोडलेले हे पाणी पुढे पिसे येथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग ते मुंबईच्या घराघरांत पोचते. इथे पाऊसही चांगला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. पण खाली काळा पाषाण, वर उतार, त्यामुळे पाणी मुरत कमी आणि वाहून जास्त जाते. मार्चनंतर विहिरी तळ दाखवू लागतात आणि धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. धरण खाली, वस्ती वर, आणि पाणी काही आपणहून डोंगर चढत नाही. म्हणूनच भावली धरणाचे पाणी उतारावरून शहापूरला आणायच्या योजनेची चर्चा इतकी वर्षे चालते. महायुद्धापर्यंत जाण्याची गरजच नव्हती. भाषणाचा विषय हंडा घेऊन मंडपाबाहेरून चालला होता.

मुरबाडची कथा याहून निराळी नाही. आठ मार्चला तिथे स्त्रीशिक्षणावर जी भाषणे होतात त्यांत सावित्रीबाई येतात, भिडेवाडा येतो, तिथून थेट अंतराळात कल्पना चावला येतात. मधे कोणी नसते. पण याच तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या आठ मार्चलाच ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ती कल्पना. गुलाबी लुगड्याचा गणवेश, हातात पाटी, आणि साठी-सत्तरीत पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिणाऱ्या आज्या. परदेशी वार्ताहर कॅमेरे घेऊन तिथे येऊन गेले. उसनेरावांना मात्र फांगणे सापडत नाही, कारण त्यांच्या मोबाइलवर ‘महिला दिन भाषण मराठी’ असे शोधल्यावर जे पहिले येते ते ज्याने लिहिले त्याला मुरबाड कुठे आहे हेच माहीत नसते. क्रांतिदिनाच्या भाषणातही तसेच. देशभरचे हुतात्मे येतात, आणि २ जानेवारी १९४३ ला याच तालुक्यातल्या सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील राहून जातात.

जे राहून जाते ते एक झाले. पण जे चुकून भाषणात शिरते त्यावरूनही बरेच कळते, आणि अनुभवी परीक्षक भूगर्भशास्त्रज्ञासारखा थर ओळखतो. ‘आपल्या १२१ कोटी देशबांधवांनो’ असे आले की मजकूर २०११ च्या जनगणनेच्या आसपासचा. ठाणे जिल्ह्यात पंधरा तालुके आणि त्यात जव्हार-मोखाडाही आले, तर तो १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा, कारण त्या दिवशी पालघर वेगळा झाला आणि ठाण्याकडे सात तालुके उरले. आपली भाषा तर चहाडखोरच आहे. इंग्रजीत बोलणारी मुलगी की मुलगा हे वाक्यावरून कळत नाही, मराठीत क्रियापदच ओरडून सांगते. त्यामुळे दोन वेण्या घातलेली मुलगी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणते आणि मंडपात कोणी दचकत नाही. क्वचित एखादा गडी ‘अधिक माहितीसाठी खाली वाचा’ हेही खणखणीत आवाजात, योग्य हातवाऱ्यांसह म्हणून जातो.

वादविवादात उसनेरावांची जास्त कसोटी लागते. अनुकूल आणि प्रतिकूल या दोन्ही बाजू बहुधा एकाच निबंधात मिळतात, ‘मोबाइल : शाप की वरदान’. एकाने वरचा अर्धा घेतलेला असतो, दुसऱ्याने खालचा. मुद्दे एकमेकांना भिडत नाहीत, कारण मूळ लेखकाने दोघांत आधीच समेट घडवून आणलेला असतो. खरी गंमत खंडनाच्या फेरीत येते. उसनेराव ‘माझ्या सन्माननीय प्रतिस्पर्ध्यांनी आत्ताच सांगितल्याप्रमाणे’ हे घरून पाठ करून आलेले असतात, आणि प्रतिस्पर्ध्याने न मांडलेल्या मुद्द्याचा पार चुराडा करून खाली बसतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. इथली कितीतरी मुले घरातली पहिली शिकणारी पिढी आहेत. कातकरी किंवा ठाकूर वाडीतल्या मुलाला पुस्तकी मराठी ही जवळजवळ परकी भाषा असते. त्याने गुरुजींनी लिहून दिलेले भाषण न अडखळता म्हटले तर त्याची भीड मोडते, उच्चार सुधारतात. त्याला उसने म्हणून हिणवणे क्रूरपणा नाही का? आहे, आणि त्या मुलाला मी उसनेरावांत धरतही नाही. पाठांतर हे शिक्षणच आहे. पण हाच आक्षेप गुरुजींच्या बाजूने वळवून बघा. लिहून देणारा माणूस त्याच शाळेत बसलेला असताना भाषणात वाडीचे नाव, ओढ्याचे नाव, टँकरचा वार यायला काय हरकत होती? मुलाला येत नाही ते लिहून द्यावे. त्याला जे आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे तेच त्याच्या भाषणातून वगळू नये.

मोठ्या उसनेरावांना ही सवलत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत राष्ट्रीय चर्चासत्रात निबंध वाचला की साडेसात गुण होते, राज्यस्तरीय असेल तर पाच. मग चर्चासत्रे राष्ट्रीय होत गेली यात नवल ते काय! पुढे २०१८ मध्ये आयोगाने वाङ्मयचौर्याचे नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, साठ टक्क्यांच्या वर गेले तर संशोधक विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. पण ही मोजणी लेखी मजकुराची. तोंडाने वाचलेल्या निबंधाला कुणी टक्केवारी लावत नाही, आणि जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय तपासणीच्या यंत्राला ती नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. उसनेराव ‘कातकरी समाजाची सद्यस्थिती’ वाचतात. समाज अतिमागास आदिम जमातींत मोडतो हे येते, शासकीय योजनांची यादी येते. चर्चासत्र मात्र फेब्रुवारीत असते, तेव्हा वाड्यांतली कितीतरी घरे कुलूपबंद असतात, कारण दिवाळीनंतर माणसे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर गेलेली असतात ती पावसाच्या तोंडावर परततात. सद्यस्थिती म्हणतात ती हीच, आणि ती बघायला हॉलपासून फार लांब जावे लागले नसते. श्रोत्यांतून कुणी हे विचारलेच तर उसनेरावांकडे एक जालीम वाक्य तयार असते : ‘वेळेअभावी तो भाग सोडला आहे.’

तरीही मूळ दोष मी वक्त्याला देत नाही. गुणपत्रिका बघावी : उच्चार, पाठांतर, हावभाव, विषयाची मांडणी, वेळेचे भान. या पाचांत ‘हे तुला कसे कळले?’ याला एकही गुण नाही. ज्याला गुण नाही ते पोर कशाला करील? चांगला चालक मिळावा म्हणून परीक्षा घ्यायची आणि गुण हॉर्नला द्यायचे, असा हा प्रकार आहे. उपाय स्वस्त आहे. पाच मिनिटांचे भाषण तीन मिनिटांचे करावे आणि उरलेल्या दोन मिनिटांत परीक्षकाने एकच प्रश्न विचारावा, तोही गावाबद्दलचा. चाळीस स्पर्धक असतील तर वेळ कुठून आणायचा, ही आयोजकांची तक्रार त्यामुळे आपोआप मिटते. एकूण मिनिटे तेवढीच राहतात, फक्त अध्यक्षांचे भाषण वाढू देऊ नये म्हणजे झाले. दुसरी शंका अधिक चतुर आहे : उसनेराव उत्तरेही पाठ करून येतील. खुशाल यावे. विषय पाण्याचा असेल तर परीक्षक विचारणार की तुझ्या पाड्यात टँकर कोणत्या वारी येतो आणि विहीर कोणत्या महिन्यात आटते. हे मोबाइलवर कुठेच लिहिलेले नाही, त्यामुळे पाठ करायचे तर आधी उसनेरावांना पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या काकीला जाऊन विचारावे लागेल, आणि काकी काही दोन शब्दांत सोडणार नाही.