कळावे, आपली विश्वासू

पहिल्याच परिच्छेदात बाळशास्त्री जांभेकर आले आणि माझा ऊर भरून आला. भाचीचं पत्र रीतीला धरून होतं. प्रादेशिक दैनिकात शिकाऊ बातमीदाराची जागा निघाली की येणारे निम्मे अर्ज ६ जानेवारी १८३२ पासूनच सुरू होतात. त्या दिवशी ‘दर्पण’ निघालं, तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो आणि पत्रकारितेच्या पदविकेत वहीच्या पहिल्या पानावर तेच असतं. ‘दर्पण’ १८४० साली बंद पडलं, हे मात्र अर्जात कुणी लिहीत नाही. ते बरोबरच आहे म्हणा. होणाऱ्या मालकाला पहिल्याच भेटीत असलं काही ऐकवू नये. शिवाय बाळशास्त्री स्वतःच संपादक झाले, त्यांना कुणाकडे अर्ज करावा लागला नाही. तेव्हा या कामी त्यांचा दाखला तसा गैरलागूच.

“मामा, काही सुचलं तर पेन्सिलीने लिही,” भाची म्हणाली होती. पेन्सिलीने! जिल्हा आवृत्तीचा वृत्तसंपादक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला! मी लाल बॉलपेन काढलं. बाळशास्त्रींच्या खाली लोकशाहीचा चौथा स्तंभ उभा केला. त्याला टेकून ‘निर्भीड’ आणि ‘बांधिलकी’ ठेवली. मग लेखणीला धार चढली आणि महापुराच्या रात्री मी कंबरभर पाण्यातून बातमी कशी आणली, तेही ओघात आलं. भाचीने पान शेवटपर्यंत वाचलं आणि शांतपणे म्हणाली, “मामा, छान आहे. तुला मिळेल ही नोकरी.”

आता या अर्जाच्या साच्याबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण त्याच्यावर माझं प्रेम आहे. प्रति, मा. संपादक. विषय. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करते की. हा साचा आपल्याला शाळेत एकदा मिळतो आणि जन्मभर पुरतो. आजी वारली म्हणून दोन दिवसांची रजा, गटारावरचं फुटलेलं झाकण, म्हशीसाठी कर्ज, सोसायटीत वरच्या मजल्यावरून गळणारं पाणी, सगळं त्यात बसतं. ‘अनुसरून’ म्हटलं की कारकून सावरून बसतो. ‘कळावे’ म्हटलं की ज्याला काहीही कळणार नाही, त्यालाही कळवल्याचं समाधान मिळतं. आणि ‘आपली विश्वासू’! ज्याला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, त्याच्यावर एवढा विश्वास लग्नपत्रिकेतसुद्धा कुणी दाखवत नाही. माझं चाललं तर मी हा साचा घटनेच्या परिशिष्टात घालीन.

पण रात्री डाक आवृत्ती सुटल्यावर, गार झालेला चहा पुढ्यात घेऊन अर्ज चाळणाऱ्या माणसाची सवय वेगळी असते. दिवसभर त्याने बातम्या शेपटीकडून कापलेल्या असतात. जागा कमी पडली की खालचे परिच्छेद जातात, म्हणून कोण, काय, कुठे, कधी हे वर हवं, हे त्याच्या बोटांत बसलेलं असतं. अर्जही तो तसाच वाचतो. वरच्या चार ओळींत बाळशास्त्री असतील तर उमेदवार खालच्या, कापायच्या भागात सापडतो. त्यातही संपादकांचं नाव चुकलं तर वाचनच संपलं. रोजच्या अंकात प्रिंटलाइनमध्ये ते बारीक टायपात छापलेलं असतं. तेवढं न पाहणारा पोलीस ठाण्यातून आरोपीचं नाव नीट आणेल, यावर कोण भरवसा ठेवणार? एका अर्जात तिसऱ्या परिच्छेदात आमच्या प्रतिस्पर्धी दैनिकाची तोंडभरून स्तुती होती. पत्र त्यांच्यासाठी लिहिलेलं, नाव बदललं फक्त वरचं. तो अर्ज कार्यालयात सगळ्यांनी मिळून वाचला.

“तू स्वतः एखादी बातमी केली आहेस का?” मी विचारलं. खरं तर महापुराकडे परत वळायला मला वाट हवी होती.

“बातमी नाही रे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी टँकरचं थोडं केलं होतं.”

ते थोडं असं होतं. माणदेशातल्या आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरच्या लॉगबुकात रोज तीन खेपा लिहिलेल्या, बायका म्हणत दोनच येतात. हिने अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात लॉगबुकाच्या प्रती मागितल्या. तीस दिवसांची मुदत जवळजवळ संपताना कागद आले. खेपेपुढे पाणी मिळाल्याची गावकऱ्याची सही असते. एका आठवड्यात तिसऱ्या खेपेपुढे रोज एकाच बाईची सही होती. ही त्या बाईकडे गेली, तर बाई त्या आठवड्यात गावातच नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. हिने बाळाच्या जन्माच्या दाखल्यावरची तारीख पाहून घेतली. मग संबंधित साहेबांना विचारलं. ते म्हणाले, चौकशी करतो. तेही हिने लिहून ठेवलं.

माझं रक्त सळसळलं. “अगं, हे वर घाल! मथळा दे, ‘टँकर घोटाळा उघड’!”

“घोटाळा म्हणायला माझ्याकडे कागद नाही, मामा. सही त्या बाईची नाही, एवढंच मला दाखवता येतं. ती कुणी केली, ते कळलेलं नाही. आणि बाकीच्या आठवड्यांचं मी तपासलेलं नाही.”

मी लाल पेनाला टोपण घातलं.

नवं पत्र पाऊण पानाचं झालं. पहिल्या वाक्यात कोणत्या जागेसाठी आणि कोणत्या जिल्हा कार्यालयासाठी अर्ज आहे ते. दुसऱ्यापासून टँकर, आणि ‘ती सही कुणी केली, हे मला कळलेलं नाही’ हे वाक्य जसंच्या तसं. मग कामाची माहिती: युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन येतं, दुचाकीचा परवाना आहे, अमुक तारखेपासून रुजू होऊ शकते. सोबत लॉगबुकाच्या दोन पानांची प्रत. बाळशास्त्री रजेवर गेले.

एक ओळ मात्र तिने शेवटपर्यंत ठेवली होती: ‘मानधनाची अपेक्षा नाही, अनुभव मिळावा ही इच्छा.’ ती मी स्वतः खोडली, आणि या वेळी पेन इतकं जोरात चाललं की कागद फाटला. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला, पुढे वेतन मंडळं नेमली गेली, आणि तरी जिल्ह्याजिल्ह्यांतली मुलं ही ओळ अजून लिहितात. ती वाचून टेबलापलीकडे कुणीतरी कौतुकाने म्हणतं, पोर तळमळीची आहे. या पोरीला शहरात खोली घ्यायची आहे, डबा लावायचा आहे, तालुक्यातून फिरायचं आहे. बातमीदाराच्या पेट्रोलचे पैसे दैनिक देत नसेल, तर पुढे कधीतरी टाकी दुसरं कुणीतरी भरून देतं, आणि बरेचदा ते टँकरवालेच असतात. तिने त्या जागी लिहिलं, ‘मानधन किती आणि प्रवासखर्च मिळतो का, हे कळवावे.’ मला ते जरा उद्धट वाटलं, पण बोललो नाही.

आठवड्याने फोन आला. भाचीने स्पीकर लावला. पलीकडच्या गृहस्थांनी टँकरचा विषय काढला नाही. दुचाकी स्वतःची आहे का, ते विचारलं. मग म्हणाले, पुढच्या महिन्यात आपला वर्धापनदिन आहे, विशेष पुरवणी निघते, तर तालुक्यातून ओळखीने चार जाहिराती मिळतील का?

“गाडी आहे,” ती म्हणाली. “जाहिराती आणणं हे बातमीदाराच्या कामात येतं का सर? आपल्या जाहिरातीत तसं लिहिलेलं नव्हतं.”

पलीकडे जरा खाकरणं झालं. मुलाखतीला या, समक्ष बोलू, असं ठरलं. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. “मामा, अगदीच अडलं तर तुझ्या ओळखी आहेत ना?”

आहेत की. एका साखर कारखान्याचे अध्यक्ष तर मला नावाने हाक मारायचे. नाव दुसऱ्याच कुणाचं असायचं, ती गोष्ट वेगळी.