पाटीवरची अक्षरं एआयकडून काढून घेऊ नका

कापड बाजारातल्या दुकानासाठी ‘श्री वस्त्रालय, अहिल्यानगर’ अशी पाटी करायची आहे, असं समजा. बोर्डवाला एआयला सांगतो, ‘रात्रीची सुंदर पाटी बनव’. चित्र झगमगीत येतं. गिऱ्हाईक पसंती देतं, पण ‘स्त्र’ तुटलेला आहे आणि ‘हि’ची वेलांटी भलतीकडे गेली आहे, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

याचं कारण साधं आहे. फॉन्ट जोडाक्षर नियमाने जुळवतो, चित्र काढणारं मॉडेल अक्षराचा फक्त आकार रंगवतं, आणि देवनागरी त्याने रोमनच्या मानाने फार कमी पाहिलेली असते. नवी साधनं मोठं नाव बऱ्याचदा नीट काढतात, पण खालची पत्त्याची बारीक ओळ अनेकदा बिघडते. 2024 मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झाल्यापासून पाट्यांवर बदलायची आहे ती नेमकी हीच ओळ.

म्हणून अक्षरं कोरलड्रॉमध्येच जुळवा आणि कर्व्ह करा. दुकानाचा फोटो सूर्यास्तानंतर लगेच, समोरून, सरळ उभं राहून काढा. तो फोटो देऊन असं सांगा: ‘शटर, वरची गॅलरी, विजेच्या तारा, शेजारची दुकानं जशीच्या तशी ठेव. शटरच्या वरच्या बाजूला दहा फूट रुंद, तीन फूट उंच, गडद मॅट पाटी लाव. पाटी कोरी ठेव. रस्ता कोरडा, ओला नको.’ ही शेवटची सूचना गाळू नका. रात्रीचं दृश्य असलं की ही साधनं बऱ्याचदा रस्ता ओला करून त्यात दिवे चमकवतात.

प्रकाशाचा प्रकारही नावानिशी सांगा. स्टीलची अक्षरं मागून उजळणार असतील, तर अक्षराचा चेहरा काळसर राहतो आणि उजेड मागच्या पत्र्यावर पसरतो. चित्रात चेहराही उजळला असेल, तर तो दुसऱ्याच बनावटीचा माल आहे, त्याचा खर्चही वेगळा. मॅट म्हटलं तेही मुद्दाम. चकचकीत एसीपीवर मागच्या एलईडीचे ठिपके सरळ दिसतात. चित्रात ते दिसत नाहीत, भांडण मात्र पाटी चढल्यावर होतं.

मग कोरलमधली अक्षरं त्या कोऱ्या पाटीवर बसवा. त्यांच्याभोवतीचा उजेड एआयकडून करून घेतलात, तर मूळ अक्षरं पुन्हा वरून ठेवा, कारण उजेड देताना एआय अक्षरंही नव्याने रंगवतं. शेवटी चित्र मोठं करून अक्षर न् अक्षर वाचा.

इंग्रजी नाव मोठं आणि मराठी खाली बारीक, असा नमुना गिऱ्हाइकाला दाखवूच नका. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत.