सून बदलते, सासू नाही

आमची सून कोलकात्याची. बंगालीत नामांना व्याकरणाचं लिंग नसतं, त्यामुळे आमच्याकडे सुरुवातीला फ्रिज बिघडायची आणि खुर्ची मोडायचा. मुलाने तिला प्रथमा ते संबोधन असा विभक्तीचा तक्ता छापून दिला. तो बघून मलाच घाम फुटला. मग मी शिकवणी हातात घेतली आणि तक्त्याऐवजी म्हणी काढल्या.

पहिली म्हण मुद्दाम निवडली, 'पाण्यात राहून माशाशी वैर करू नये'. बंगाली मुलीला ती लगेच पटली. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नाम आपलं रूप बदलतं. पाणीचं 'पाण्या' होतं, मासाचं 'माशा'. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. ते चुकवून 'पाणीत राहून मासाशी वैर' म्हणून बघा, म्हण तोंडातच ठेचकाळते. म्हणून पाठ करताना कान आपोआप सुधारतो. आठवड्याभरात सूनबाई न शिकवता 'पैशाचं' आणि 'सशाला' म्हणू लागली. लिंगासाठी 'हत्ती गेला आणि शेपूट राहिलं' दिली. तो गेला, ते राहिलं, असं घोकत तिने पोळ्या लाटल्या.

मग 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' आली.

"आई, सूनचं सुने झालं. सासूचं काय होतं?"

"काही नाही. सासू तशीच राहते."

तिने ते वहीत लिहून नवऱ्याला दाखवलं. जुन्या मराठीत 'सासवेचे' असंही रूप होतं, पण ते सांगण्याची मला गरज वाटली नाही.

म्हणींत जुनं व्याकरणही मुरलेलं असतं, ते मात्र जपून घ्यावं लागतं. 'माकडाच्या हाती कोलीत'मधली ती 'हाती'ची ई तिला फार आवडली. "आई, माझ्या कानी हेडफोन होता, ऐकू आलं नाही," असं ती म्हणाली तेव्हा घरात कीर्तन चालू झाल्यासारखं वाटलं.

पण म्हण कुणासमोर म्हणायची, हे म्हणीत लिहिलेलं नसतं. गणपतीत पंगत बसली होती. धाकट्या भावजींनी तिसऱ्यांदा भात मागितला. सूनबाईने वाढता वाढता खणखणीत आवाजात म्हटलं, "असतील शितं तर जमतील भुतं!" दोन्ही क्रियापदं भविष्यकाळी, अनेकवचनी, यमक बिनचूक. भावजींचा घास हातातच राहिला. मला मात्र आधी अभिमान वाटला आणि मग लाज, हे त्यांना सांगू नका.

तुमच्या घरी कुणी मराठी शिकत असेल, तर पहिले काही महिने प्राण्यांच्याच म्हणी द्या. जेवणाच्या आणि नातेवाइकांच्या म्हणी गणपती विसर्जन झाल्यावर काढा.